डीव्हीआयवरून व्हीजीए: आधी चपट्या खाचेभोवतीची चार भोकं बघा

प्रश्न: मी ऐरोलीला राहतो. सेकंडहँड पीसी घेतलाय, मागे ग्राफिक कार्डला पांढरा डीव्हीआय आहे पण माझा 19 इंची मॉनिटर जुना, त्याला फक्त निळा व्हीजीए. तो छोटासा साधा अडॅप्टर मिळतो तो लावला तर चालेल का? एक दुकानदार म्हणतो हमखास चालेल, दुसरा म्हणतो चालणारच नाही. नक्की खरं काय दादा?

उत्तर:

दोघंही खरं बोलत असतील, फक्त दोघांच्या डोळ्यासमोर वेगळं सॉकेट असेल. डीव्हीआय हे एकच नाव असलं तरी त्या नावाखाली आतून वेगळी सॉकेटं येतात आणि बाहेरून लांबून बघितलं तर ती सगळी सारखीच दिसतात. त्यामुळे आधी पैसे खर्च करू नका. मोबाईलचा टॉर्च लावा, पीसीच्या मागे वाका आणि सॉकेटकडे नीट बघा, दोन मिनिटांत उत्तर तुम्हालाच मिळेल.

सॉकेटमध्ये एका बाजूला भोकांच्या तीन ओळी दिसतील, प्रत्येक ओळीत आठ, म्हणजे चोवीस. काही सॉकेटांत मधली सहा भोकं नसतात, तिथे अठराच असतात. या चोवीस-अठराच्या फरकावर बरेच जण अडकून बसतात पण तुमच्या प्रश्नाशी त्याचा काही संबंध नाही, तो फक्त डिजिटल सिग्नल सिंगल लिंक का ड्युअल लिंक एवढंच सांगतो. तुम्ही बघायचं ते दुसऱ्या टोकाला. तिथे एक आडवी चपटी खाच असते, पत्र्याची पट्टी आत जाईल अशी. त्या खाचेच्या वर दोन आणि खाली दोन अशी चार बारीक भोकं आहेत का बघा. असतील तर ते डीव्हीआय-आय, त्यातून अॅनालॉग आणि डिजिटल दोन्ही बाहेर पडतं, आणि साधा अडॅप्टर चालतो. चार भोकं नाहीत, नुसती खाचच आहे, तर ते डीव्हीआय-डी, फक्त डिजिटल, आणि साधा अडॅप्टर तिथे कधीच चालणार नाही, कुठल्याही कंपनीचा आणा, कितीही महागाचा आणा.

अजून एक खूण आहे जी फारसं कुणी सांगत नाही, खाचेची लांबी. डीव्हीआय-आयची खाच जास्त लांब असते आणि डीव्हीआय-डीची आखूड. धुळीने भोकं बुजली असतील (आपल्याकडे रस्त्यालगतच्या घरातले पीसी उघडले की नुसता काळा थर निघतो) तर ब्रशने साफ करून खाचेची लांबी बघा. प्लास्टिकच्या रंगावर जाऊ नका. व्हीजीए बहुतेक निळा असतो म्हणून लोकांना वाटतं डीव्हीआयच्या रंगावरूनही प्रकार ओळखता येईल, तसं नाही, पांढऱ्यात दोन्ही येतात.

आता ही चार भोकं एवढी महत्त्वाची का ते सांगतो, म्हणजे दुकानात कुणी काही सांगितलं तरी तुम्ही फसणार नाही. व्हीजीए 1987 सालचं, त्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग तीन वेगळ्या तारांतून विजेच्या कमीजास्त दाबाच्या रूपात जातात, आणि सोबत दोन सिंकच्या तारा, एक आडव्या ओळीसाठी, एक उभ्या फ्रेमसाठी. डीव्हीआय 1999 साली आलं तेव्हा लोकांच्या टेबलावर सगळे व्हीजीएचे मॉनिटर होते, म्हणून बनवणाऱ्यांनी त्याच सॉकेटच्या एका कोपऱ्यात या तारांनाही जागा ठेवली. खाचेभोवतीच्या चारपैकी एकातून लाल, एकातून हिरवा, एकातून निळा आणि चौथ्यातून आडवा सिंक. चपटी पट्टी म्हणजे त्यांचा ग्राउंड. उभा सिंक मात्र चोवीसच्या गठ्ठ्यात बसवलाय, आठ नंबरच्या पिनवर, त्या चौघांना लागून असलेल्या वरच्या कोपऱ्यात. म्हणजे साधा अडॅप्टर काय करतो, तर या पाच तारा आणि मॉनिटरची माहिती वाचायच्या दोन तारा अशा सरळ उचलून व्हीजीएच्या पंधरा पिनांच्या सॉकेटला जोडतो, बस. आत चिप नाही, काही नाही. म्हणूनच तो स्वस्त असतो आणि म्हणूनच कार्डाने त्या चार भोकांत अॅनालॉग सिग्नल सोडला नसेल तर अडॅप्टर तो कुठून आणणार? डिजिटल सिग्नल म्हणजे शून्य-एकचा प्रवाह, त्याचं रंगांच्या दाबात रूपांतर करायला चिप लागते, तारा जोडून ते काम होत नाही.

माझं काम ठाण्यात, पण तुर्भ्याच्या बाजूलाही कायम जाणं असतं, तर एपीएमसीच्या दाणा मार्केटमधल्या एका गाळ्यावरचा अनुभव सांगतो, तुमचंच प्रकरण आहे असं समजा. तिथे हिशोब लिहिणाऱ्या काकांकडे 19 इंची चौकोनी मॉनिटर, चांगला टिकलेला, फक्त व्हीजीए. टॅलीसाठी सेकंडहँड पीसी घेतला, त्यात जीटी 1030 कार्ड, मागे एक डीव्हीआय आणि एक एचडीएमआय. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी साधा अडॅप्टर आणला, चोवीस अधिक पाच पिनवाला, म्हणजे चार बारीक पिना आणि पाचवी चपटी पट्टी. तो सॉकेटात जाईना. जाणार कसा, सॉकेट डीव्हीआय-डी, चार पिनांना भोकंच नाहीत. मग शेजारच्या एका माणसाने नोज प्लायरने त्या चार पिना मोडून टाकल्या आणि म्हणाला आता बसेल. तरी बसेना, कारण अडॅप्टरची चपटी पट्टीही सॉकेटच्या खाचेपेक्षा लांब होती. जोर लावला आणि खाचेच्या कडेचं प्लास्टिक तडकलं.

इथे जरा थांबतो. अडॅप्टर बसत नाही ही अडचण नव्हतीच, तो इशारा होता. सॉकेट बनवणाऱ्यांनी मुद्दाम तसा आकार ठेवलाय की जिथे अॅनालॉग नाही तिथे अॅनालॉगचा प्लग शिरूच नये. आणि ज्या पिना मोडल्या त्यातच तर तिन्ही रंग आणि आडवा सिंक होता! म्हणजे बसला असता तरी मॉनिटरपर्यंत फार तर उभ्या सिंकची आणि मॉनिटरची माहिती वाचायच्या तारा गेल्या असत्या, चित्राचा एक ठिपकाही नाही. त्यामुळे पिना मोडायचा सल्ला कुणीही दिला, अगदी व्हिडिओत बघितला, तरी करू नका प्लीज. कार्डाचं सॉकेट गेलं तर ते बदलायला जुनं सॉकेट कार्डावरून डिसोल्डर करावं लागतं आणि तेवढ्या मजुरीत दुसरं जुनं कार्ड येतं.

काकांनी मग दुसरा अडॅप्टर आणला. हा चोवीस अधिक एक पिनवाला, अगदी सहज बसला, आणि मॉनिटरवर नो सिग्नल. हा प्रकार मला सगळ्यात जास्त त्रास देतो, कारण बसतो म्हणून माणसाला वाटतं अडॅप्टर बरोबर आहे, मग तो मॉनिटर बदलतो, केबल बदलतो, विंडोज फॉरमॅट करतो. असे चोवीस अधिक एकचे तुकडे बाजारात सर्रास मिळतात, एका बाजूला डीव्हीआय-डीचा प्लग, दुसऱ्या बाजूला व्हीजीएचं सॉकेट, मध्ये चिप नाही. त्याच्या प्लगला रंगांच्या पिनाच नाहीत तर तो कुठल्याच पीसीवर चालू शकत नाही, डीव्हीआय-आयवर सुद्धा नाही. आणि गंमत अशी की कधी कधी विंडोजमध्ये मॉनिटरचं नाव बरोबर दिसतं! त्याचं कारण सहा आणि सात नंबरच्या पिना, ज्यातून मॉनिटर आपलं नाव-रिझोल्यूशन सांगतो, त्या डिजिटल गठ्ठ्यात असतात आणि तुकड्यातून आरपार जातात. नाव आलं म्हणजे चित्र येईल असा त्याचा अर्थ नाही, ते दोन वेगळे रस्ते आहेत.

तर चोवीस अधिक एक लिहिलेलं व्हीजीएचं काहीही घेताना एकच प्रश्न विचारा, आत चिप आहे का. चिपवाल्याला कन्व्हर्टर म्हणतात, तो सहसा छोट्या वायरच्या टोकाला जाडसर डबी अशा रूपात येतो, काहींना पॉवरसाठी यूएसबीची शेपटी असते. दुकानदार म्हणाला चिप-बिप काही माहीत नाही, पण चालतं, तर लावून दाखवा म्हणायचं, तुमच्यासारख्याच डीव्हीआय-डीवाल्या पीसीला.

काकांच्याकडे शेवटी काय केलं? कार्डला एचडीएमआय होतंच, ते तडकलेलं डीव्हीआय तसंच सोडलं आणि एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लावला, जो डीव्हीआय-डीच्या कन्व्हर्टरपेक्षा सहज मिळतो आणि बहुतेक वेळा स्वस्तही पडतो. घेताना दिशा बघा, एचडीएमआय ते व्हीजीए आणि व्हीजीए ते एचडीएमआय दोन्ही दिसायला जुळे भाऊ असतात आणि एकाचं काम दुसरा करत नाही. पीसीच्या बाजूला एचडीएमआयचा प्लग आणि मॉनिटरच्या बाजूला व्हीजीएचं सॉकेट असं पाहिजे.

तुमच्या कार्डला एचडीएमआय नसेल आणि नुसतं डीव्हीआय-डीच असेल तरी मार्ग आहे. डीव्हीआय-डी आणि एचडीएमआय यांचा चित्राचा सिग्नल एकच, फक्त प्लगचा आकार वेगळा, म्हणून डीव्हीआय ते एचडीएमआय हा साधा बिनचिपचा तुकडा खरोखर चालतो. तो लावा आणि त्याच्या पुढे वर सांगितलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर. दोन तुकडे लटकतात, दिसायला बरं नाही, पण चित्र येतं. फक्त कन्व्हर्टर आपली पॉवर त्याच सॉकेटच्या पाच व्होल्टच्या पिनवरून घेतो आणि तिथे हमी अगदी थोड्या करंटची असते, 55 मिलीअँपिअरची, त्यामुळे चित्र येऊन जाऊन राहिलं, मध्येच काळं होऊन परत आलं, तर यूएसबी पॉवरची सोय असलेला कन्व्हर्टर घ्या.

हे करण्याआधी अजून एक गोष्ट बघा, फुकटची आहे. मदरबोर्डलाच व्हीजीए असतं बऱ्याचदा. ग्राफिक कार्ड लावलं की बोर्डाचं ते सॉकेट बायोसमध्ये बंद पडतं म्हणून लोक समजतात ते खराब आहे. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर बायोसमध्ये `iGPU Multi-Monitor` किंवा तशा नावाचा पर्याय चालू करून बघा, नाव बोर्डाप्रमाणे बदलतं. तुमचं काम गेमचं नसेल तर तेवढ्यावर भागतं. फक्त एक लक्षात घ्या, बोर्डाच्या मागे जे डीव्हीआय असतं ते जवळपास नेहमी डीव्हीआय-डीच असतं, डीव्हीआय-आय बोर्डावर क्वचित.

आता समजा तुमच्या सॉकेटला चार भोकं आहेत. अभिनंदन करणार होतो, पण एक अडचण उरतेच. भोकं असणं आणि त्यामागे तारा जोडलेल्या असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही जुन्या कार्डांवर आणि बोर्डांवर कंपनीने डीव्हीआय-आयचं सॉकेट बसवलेलं असतं पण त्या चार पिनांमागे काही नसतं. आणि दोन डीव्हीआय असलेल्या कार्डात पुष्कळदा एकच डीव्हीआय-आय आणि दुसरं डीव्हीआय-डी असतं, त्यामुळे दोन्ही सॉकेटं बघा, एक बघून निष्कर्ष काढू नका.

कार्डाचं मॉडेल माहीत असेल तर अर्धा निकाल तिथेच लागतो. एनव्हिडियाच्या जीटीएक्स 10 सिरीजपासून, म्हणजे 2016 पासून, अॅनालॉग बाहेर येणं बंद झालं, जीटी 1030 पण त्यातलंच. जीटीएक्स 900 सिरीजमध्ये डीव्हीआय-आय मिळतं. एएमडीने तर 2013 च्या आर9 290 लाच अॅनालॉग काढून टाकलं होतं. जुन्या सगळ्याच कार्डांना डीव्हीआय-आय असतं असं मात्र समजू नका. जीटी 710 बऱ्याचदा डीव्हीआय-डी आणि वेगळं व्हीजीए असं येतं, आणि ते व्हीजीए असेल तर मग अडॅप्टरची गरजच काय.

लिनक्स टाकलेला असेल किंवा लाईव्ह पेनड्राईव्हवरून चालू करता येत असेल तर ड्रायव्हरला ते सॉकेट काय वाटतं हे एका ओळीत दिसतं:

```
ls /sys/class/drm
```

तिथे `card0-DVI-D-1` असं आलं तर डिजिटलच, `card0-DVI-I-1` आलं तर ड्रायव्हरच्या मते अॅनालॉगही आहे. कार्डाच्या बायोसमधल्या माहितीवरून हे येतं, डोळ्यांनी बघितलेल्याशी जुळलं तर बरं, नाही जुळलं तर शंका घ्यायला जागा आहे.

माझी शेवटची खात्री मल्टीमीटरची असते. पीसी बंद करून प्लग काढायचा, कार्ड बाहेर काढायचं, आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवून एक टोक चपट्या खाचेतल्या पत्र्याला आणि दुसरं टोक चारपैकी लाल सिग्नलच्या भोकाला लावायचं. प्रोब जाड असतो, आत जात नाही, म्हणून टाचणी किंवा रेझिस्टरचा पाय आत घालून त्याला लावायचा. अॅनालॉग जिवंत असेल तर रीडिंग साधारण 75 ओहमच्या आसपास येतं, काही कार्डांवर 150 च्या आसपास, कारण व्हीजीएच्या रंगाच्या तारेला कार्डाच्या टोकाला तेवढा रेझिस्टन्स ग्राउंडला जोडलेला असतो. तिन्ही रंगांवर जवळपास सारखं रीडिंग आलं पाहिजे. मीटर काहीच दाखवत नसेल, सर्किट उघडंच, तर भोकं नुसती नावाला आहेत. गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या एका क्लासच्या पीसीवर असंच झालं, दोन अडॅप्टर बदलून झाले होते, तिन्ही रंगांवर मीटर गप्प, मग वाद संपला आणि कन्व्हर्टर लावला.

अडॅप्टरचीही तशीच तपासणी होते, मीटर बीपवर ठेवायचं. व्हीजीएच्या बाजूचे एक, दोन, तीन म्हणजे लाल, हिरवा, निळा, ते खाचेभोवतीच्या एकेका पिनला बीप द्यायला हवेत, तेरा नंबर चौथ्या पिनला, आणि चौदा नंबर डिजिटल गठ्ठ्यातल्या आठ नंबरला. एखादी पिन आत दबलेली असली की लक्षणं बोलतात. चित्र येतं पण सगळं निळसर-हिरवट, तर लाल तुटलाय. सगळं पिवळसर तर निळा तुटलाय. चित्रच नाही आणि मॉनिटर केबल तपासा म्हणतोय, तर सिंकच्या दोघांपैकी एक गेलाय असं आधी धरा.

अजून एक सापळा. ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड पीसीत कधी कधी डीव्हीआयसारखंच दिसणारं पण जास्त दाट भोकांचं सॉकेट असतं, चार ओळी, 59 पिना. ते डीएमएस-59, डीव्हीआय नाही. त्याला वेगळी वाय आकाराची केबल लागते, एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला दोन व्हीजीए. ओळी मोजा, तीन की चार, म्हणजे गोंधळ होणार नाही.

आणि उलट्या दिशेचं कुणी विचारतं, पीसीला व्हीजीए आणि मॉनिटरला डीव्हीआय, तोच तुकडा उलटा लावू का. मॉनिटरच्या सॉकेटलाही तीच चार भोकं आहेत का बघा. बहुतेक मॉनिटरांचं डीव्हीआय फक्त डिजिटल असतं, तिथे जमत नाही.

तुमचं 19 इंची जर चौकोनी असेल तर त्याचं मूळ रिझोल्यूशन बहुतेक 1280 x 1024 असणार, रुंद असेल तर बहुधा 1440 x 900, मागच्या स्टिकरवरच्या मॉडेलवरून खात्री करा. साधा अडॅप्टर असो की कन्व्हर्टर, दोघांनाही हे जड नाही, 60 हर्ट्झला आरामात चालतं. चित्र आल्यावर विंडोजमध्ये तेच रिझोल्यूशन निवडा आणि मॉनिटरवरचं ऑटो बटण एकदा दाबा. अॅनालॉग सिग्नलमध्ये चित्र कुठे सुरू होतं हे मॉनिटरला अंदाजाने ठरवावं लागतं, त्यामुळे पहिल्यांदा अक्षरं पुसट किंवा चित्र एका बाजूला सरकलेलं दिसतं, ऑटो दाबताना स्क्रीनवर भरपूर मजकूर उघडा ठेवा, नुसता काळा डेस्कटॉप असेल तर त्याला कडा सापडत नाहीत. काकांच्या मॉनिटरवर टॅलीचं लेजर उघडं ठेवून ऑटो दाबलं तेव्हा आकडे एकदम लख्ख झाले.

टॉर्च लावून सॉकेटचा फोटो काढा, खाच आणि तिच्या वर-खालची जागा स्पष्ट येईल असा जवळून, आणि कार्डाचं नाव लिहून पाठवा, मग साधा अडॅप्टर घ्यायचा की कन्व्हर्टर ते पक्कं सांगतो.